शब्दचर्चा: ‘बेरीज जुळेलच असे नाही’ ही टीप नेमकी कशी लिहावी?

महालकर:
आमच्या कार्यालयात नागपूर विभागातील सहा जिल्ह्यांच्या प्रशिक्षणार्थींचा डॅशबोर्ड आहे. तो रोज रात्री मूळ नोंदींवरून आपोआप नव्याने तयार होतो आणि पडद्यावर आकडे हजारांत दाखवतो. चर्चेसाठी मी खऱ्यांऐवजी बनवलेले आकडे देते, पण अडचण हुबेहूब हीच आहे.

| जिल्हा | मूळ नोंदी | पडद्यावर (हजार) |
|---|---|---|
| नागपूर | १२,४६० | १२ |
| चंद्रपूर | ८,७२० | ९ |
| गोंदिया | ५,३९० | ५ |
| वर्धा | ४,४३० | ४ |
| भंडारा | ३,४८० | ३ |
| गडचिरोली | २,४१० | २ |
| एकूण | ३६,८९० | ३७ |

पडद्यावरच्या सहा आकड्यांची बेरीज ३५ येते आणि खाली ३७ लिहिलेले असते. बैठकीत कोणीतरी मोबाइलवर बेरीज करतो आणि पुढची चर्चा तिथेच अडते. सध्या तक्त्याखाली ‘पूर्णांकनामुळे बेरीज जुळेलच असे नाही’ अशी कायमची टीप आहे. माझे प्रश्न दोन आहेत. ‘पूर्णांकन’ हा शब्द इथे योग्य आहे का? आणि ‘जुळेलच असे नाही’ म्हणावे की सरळ ‘जुळत नाही’ म्हणावे? नागपूरचा आकडा सर्वांत मोठा आहे, त्यात दोन मिळवून १४ करावे म्हणजे टीपच लागणार नाही, अशीही एक सूचना कार्यालयात आली आहे. ती मला पटत नाही, पण का पटत नाही हे नीट मांडता येत नाही.

रामदासपेठ:
‘पूर्णांकन’ सामान्य वाचकाला जड जाते. ‘आकडे ढोबळ आहेत’ किंवा ‘आकडे अंदाजे आहेत’ असे लिहावे. मराठीत हे शब्द रुळलेले आहेत आणि वाचणारा पुढे प्रश्न विचारणार नाही.

इतवारीवाला:
आमच्या दुकानाच्या बिलात जीएसटी लावल्यावर रक्कम पैशांत येते, तेव्हा शेवटी ‘राउंड ऑफ’ अशी एक ओळ असते. तिच्यात अधिक किंवा वजा पैसे दाखवले की बिल तंतोतंत जुळते. आपणही ‘एकूण’च्या वर ‘राउंड ऑफ : २’ अशी ओळ टाकावी. व्यापारात हा शब्द सर्वांना कळतो आणि वहीही मिळते.

धरमपेठकर:
रामदासपेठ यांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे, की शब्द वाचकाच्या ओळखीचा असावा. मात्र ‘अंदाजे’ इथे चुकीचा अर्थ देतो. अंदाज म्हणजे जे मोजलेले नाही, ते. महालकरताईंकडे १२,४६० ही मोजलेली संख्या आहे. तिचे फक्त दाखवणे आखूड केले आहे. ‘ढोबळ’ त्यापेक्षा बरा, तरी तोही मोजणीच सैल झाली असावी असा समज करून देतो. ज्या कार्यालयाने एकेक नोंद तपासून घेतली आहे, त्याने स्वतःच्या कामाला अंदाज का म्हणावे?

इतवारीवाल्या भाऊंच्या बिलातली ओळ मात्र वेगळ्या जातीची आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १७० नुसार कराची रक्कम जवळच्या रुपयापर्यंत आणली जाते, म्हणजे तिथे द्यायची रक्कमच बदलते आणि ती ओळ खतावणीतली खरी नोंद असते. इथे मूळ संख्या जागच्या जागी आहेत. ‘राउंड ऑफ : २’ अशी ओळ टाकली, तर कोणत्याच जिल्ह्यात नसलेले दोन हजार प्रशिक्षणार्थी कुठेतरी आहेत असे वाचकाला वाटेल.

आता ‘जुळेलच असे नाही’ याविषयी. छापील अहवालात हा प्रयोग चालतो, कारण लेखक एकदाच सर्व तक्त्यांबद्दल बोलत असतो. रोज नव्याने तयार होणाऱ्या पानावर मात्र हे वाक्य प्रत्येक रात्री प्रत्येक तक्त्याला चिकटते, मग फरक शून्य असो, दोन असो किंवा वीस असो. ते कधीच खोटे ठरत नाही आणि म्हणूनच काही सांगतही नाही. उद्या एखाद्या जिल्ह्याच्या नोंदी आल्याच नाहीत आणि बेरजेत आठ हजारांचा खड्डा पडला, तरी खाली तेच वाक्य शांतपणे उभे असेल आणि वाचक म्हणेल की हे पूर्णांकनामुळे झाले.

आकडे आखूड केल्यामुळे पडणाऱ्या फरकाला मर्यादा असते. प्रत्येक जिल्ह्याचा आकडा जास्तीत जास्त ५०० ने हलतो, सहा जिल्ह्यांचे मिळून ३,०००, आणि एकूण स्वतंत्रपणे हलते म्हणून आणखी ५००. पडद्यावर सगळे पूर्ण हजारांत दिसत असल्याने फरक तीनपेक्षा मोठा असूच शकत नाही. चार दिसला, तर कारण दुसरे आहे हे नक्की समजावे. उलट बाजूने हे खरे नाही: नऊशे नोंदींची खरी चूक या मर्यादेत सहज लपते. म्हणून ज्याच्या हाती मूळ संख्या आहेत, त्याने आखूड करण्याआधीच त्यांची बेरीज एकूण संख्येशी ताडून पाहावी आणि ती न जुळल्यास टीप न छापता पानच थांबवावे.

सदरचा विदाकार:
तरीही बेरीज जुळवून दाखवण्याची एक सर्वमान्य पद्धत आहे. सगळे आकडे आधी खाली उतरवायचे: १२, ८, ५, ४, ३, २, बेरीज ३४. ३७ ला तीन कमी पडतात. ते तीन, ज्यांचे उरलेले अंश सर्वांत मोठे त्यांना द्यायचे, म्हणजे चंद्रपूर (७२०), भंडारा (४८०) आणि नागपूर (४६०). नागपूर १३, चंद्रपूर ९, गोंदिया ५, वर्धा ४, भंडारा ४, गडचिरोली २. एकूण बरोबर ३७. निवडणुकीत जागांचे वाटप करतानाही काही देशांत असेच करतात. मग टीपही नको आणि शब्दाचा वादही नको.

धरमपेठकर:
जागावाटपात ही पद्धत योग्य आहे, कारण तिथे सगळ्या जागा वाटल्याच पाहिजेत. इथे काहीच वाटायचे नाही. शिवाय आपले पान रोज नव्याने तयार होते, ही गोष्ट या पद्धतीला फार बाधते. समजा वर्ध्याच्या चाळीस उशिरा आलेल्या नोंदी रात्री जमा झाल्या आणि ४,४३० चे ४,४७० झाले. एकूण ३६,९३०, म्हणजे ३७ च. पण आता मोठे अंश चंद्रपूर, भंडारा आणि वर्ध्याचे. नागपूर ४६० वर चौथा राहिला. सकाळी पान उघडणाऱ्याला नागपूर १३ चे १२ झालेले आणि वर्धा ४ चे ५ झालेले दिसेल. नागपूरची एकही नोंद बदललेली नाही, आणि तरी तेथील अधिकाऱ्याला विचारणा होईल की एक हजार लोक कुठे गेले. साध्या पद्धतीत नागपूर १२ च राहतो, वर्धाही ४ च राहतो, कारण प्रत्येक आकडा केवळ स्वतःच्या नोंदींवर ठरतो.

नागपूरचे १४ करण्याची सूचना याहून धोक्याची आहे. १२,४६० ला कोणत्याही वाटेने १४ हजार म्हणता येत नाही. ती दुरुस्ती हाताने केली, तर रात्री पुसली जाते. सूत्रात बसवली, तर मूळ संख्या न पाहणाऱ्या सर्वांसाठी तीच खरी ठरते.

सदरचा विदाकार:
नागपूरची बाजू पटली. मात्र साधी पद्धतही उड्या मारते. वर्ध्यानंतर भंडाऱ्यात तीस नोंदी वाढल्या, तर ३,४८० चे ३,५१० होऊन ३ चे ४ दिसेल आणि बेरजेतला फरक दोनचा एक होईल.

धरमपेठकर:
होय, ती उडी टळत नाही. पण ती भंडाऱ्याच्याच नोंदींमुळे झाली असे खरेपणाने सांगता येते. आणि यावरूनच टिपेतला फरकाचा आकडा हाताने लिहिता कामा नये हेही दिसते. पान तयार करणाऱ्या आज्ञावलीनेच तो दर वेळी काढावा:

```python
assert sum(jilhe) == ekun
farak = round(ekun, -3) - sum(round(x, -3) for x in jilhe)
```

पहिली ओळ मूळ बेरीज न जुळल्यास पान थांबवते. दुसरी पडद्यावरचा फरक देते. एक सावधगिरी मात्र हवी. नेमके २,५०० आले, तर पायथनचा `round` त्याचे २,००० करतो आणि एक्सेलचा `ROUND` ३,०००. पान एकीकडे आणि उतरवून घेतलेला तक्ता दुसरीकडे तयार होत असेल, तर कोणता नियम वापरायचा हे आधी ठरवावे.

महालकर:
मूळ बेरजेची तपासणी आज लावून पाहिली. जिल्ह्यांचा तक्ता जुळला, पण तालुक्यांचा थांबला. ज्या अर्जांत तालुका भरलेला नव्हता, ते एकूण संख्येत होते आणि तालुक्यांच्या ओळींत नव्हते. पडद्यावर तो फरक लहानच दिसत होता, म्हणून टिपेकडे पाहून सर्वजण पुढे जात होते. आता तिथे ‘तालुका नमूद नाही’ अशी स्वतंत्र ओळ घातली आहे.

याचा शब्दांवरही परिणाम झाला. लेखापरीक्षणाच्या भाषेत ‘तफावत आढळली’ म्हटले की काहीतरी चुकले असा अर्थ निघतो. म्हणून दाखवण्यामुळे पडणाऱ्या अंतराला मी ‘फरक’ म्हणणार आहे, आणि मूळ नोंदी न जुळल्यास ‘तफावत’. टिपेचा मसुदा असा आहे: ‘प्रत्येक आकडा व एकूण हे मूळ नोंदींवरून स्वतंत्रपणे जवळच्या हजारात मांडले आहेत. त्यामुळे आज जिल्ह्यांची बेरीज एकूण आकड्यापेक्षा २ हजारांनी कमी दिसते. मूळ नोंदींची बेरीज जुळते.’

रामदासपेठ:
‘अंदाजे’ मी मागे घेतो. या मसुद्यात ‘पूर्णांकन’ आलेच नाही हे चांगले झाले. शेजारच्या तक्त्यात आकडे १२.५ लाख असे एका दशांशापर्यंत असतील, तर तो पूर्णांक नव्हेच. मग त्याला ‘पूर्णांकन’ कसे म्हणणार?

धरमपेठकर:
आक्षेप शब्दशः बरोबर आहे, तरी पारिभाषिक अर्थाने ‘पूर्णांकन’ दशांशांसाठीही वापरला जातो आणि वापराने शब्दाचा अर्थ रुंदावतो, असे माझे मत आहे. काही जण ‘निकटन’ पसंत करतात. मला तो बोलताना अवघड वाटतो. सामान्य वाचकाच्या टिपेत ‘जवळच्या हजारात’ किंवा ‘एका दशांशापर्यंत’ अशी क्रिया सांगावी आणि संज्ञा पद्धतीच्या पानासाठी ठेवावी.

महालकर:
टक्केवारीच्या स्तंभाला हेच वाक्य चालेल का? तिथे एकूण १०० असते आणि बेरीज ९९ आली की लोक जास्त अस्वस्थ होतात.

धरमपेठकर:
चालेल, फक्त ‘जवळच्या पूर्ण टक्क्यात’ असे लिहावे. तिथे हे अपवादाने घडते असेही नाही. मोस्टेलर, यूट्झ आणि झान यांनी १९६७ मध्ये दाखवले की तीन घटक असतील, तर साधारण चारांपैकी एकदा बेरीज १०० भरत नाही, आणि घटक वाढतील तसे हे अधिक वेळा होते. टक्के मात्र हजारांत मांडलेल्या आकड्यांवरून काढू नयेत. ३७ पैकी १२ म्हणजे ३२ टक्के. मूळ नोंदींवरून नागपूरचा वाटा ३४ टक्के येतो.

सदरचा विदाकार:
एक मुद्दा राहतो. ज्या दिवशी फरक शून्य असेल, त्या दिवशी टीप पूर्ण काढावी असे मला वाटते. नाहीतर तीही सवयीची होऊन कोणी वाचणार नाही.

महालकर:
मला पहिले वाक्य रोज हवे आहे. फरक शून्य असला तरी आकडे हजारांत मांडलेले आहेतच, आणि कोणी १२ हा आकडा उचलून पत्रात ‘१२,००० प्रशिक्षणार्थी’ असे लिहील. फक्त दुसरे वाक्य त्या दिवशी गाळावे. तिसऱ्याचे काय करावे, हे अजून ठरत नाही.