कुलूप लावलेलं खातं : एक्सवर आणि इन्स्टावर तुम्हाला काय अनुभव आले?

रेवती_क
काल फोनमधले जुने स्क्रीनशॉट पुसताना एक सापडला आणि तेव्हाचा सगळा वैताग आठवला. माझं पार्सल हरवलं होतं. एक्सवर मी कुरिअरवाल्यांना टॅग करून दोन आठवड्यांत चार पोस्ट टाकल्या. पावतीचा फोटो, तारखा, सगळं दिलं. तिकडून एका शब्दाचं उत्तर नाही. मी रोज संध्याकाळी नोटिफिकेशन बघायचे. शेवटी धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, तुझ्या नावापुढे कुलूप आहे. ते तुला फॉलो करत नाहीत, मग त्यांना पोस्ट दिसणार कशी?" टॅग केलं म्हणजे पोचलं, असं मी धरून चालले होते.

त्याच आठवड्यात इन्स्टावर उलटं झालं. तिथेही खातं प्रायव्हेटच. एका सार्वजनिक पानाखाली घरच्या भांडणाबद्दल चार ओळी लिहिल्या, आपल्याच लोकांना दिसतील म्हणून. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, "सगळं ठीक ना घरी?" त्या मला फॉलो करत नाहीत. फार लाज वाटली होती.

तुमचेही अनुभव लिहा.

निशाचर
अरेरे. पार्सल मिळालं का शेवटी?

रेवती_क
हो, फोन करून करून.

मंदा_ताई
मी सगळीकडे प्रायव्हेट आहे. एकदा प्रायव्हेट केलं की आपलं कोणीच पुढे पाठवू शकत नाही. निश्चिंत असते मी.

सुमेध
मंदाताई, पूर्ण तसं नाही. एक्सवर कुलूपवाल्या पोस्टखालचं रीपोस्टचं बटण फॉलोअरलाही चालत नाही, कोटही करता येत नाही. इन्स्टावर मात्र कागदी विमान असतं. तुमचा फोटो त्यावरून मैत्रिणीला मेसेजमध्ये धाडता येतो, फक्त ती तुम्हाला फॉलो करत नसेल तर तिला तो उघडत नाही. स्क्रीनशॉट दोन्हीकडे निघतो, त्याला उपाय नाही.

रेवती, तुमच्या दोन्ही प्रसंगांचं मूळ एकच आहे. एक्सवर कुलूप तुमच्या शब्दांना लागतं, तुम्ही ते कुठेही लिहा. दुसऱ्याच्या पोस्टखाली दिलेलं उत्तरसुद्धा फक्त तुमच्या फॉलोअरना दिसतं. इन्स्टावर कुलूप तुमच्या भिंतीला असतं. दुसऱ्याच्या सार्वजनिक फोटोखाली लिहिलंत की ती कमेंट त्याच्या अंगणात पडली, कोणीही वाचावी.

प्रणव ७
माझं खातं पण लॉक झालंय, पासवर्ड तीनदा चुकला. कोड येतच नाही. कोणी सांगेल का?

निशाचर
प्रणव, इथे आपणहून लावलेल्या कुलपाची गोष्ट चाललीय. तुझ्यासाठी वेगळा धागा काढ, उत्तरं मिळतील.

अवनी
माझं जरा कडू आहे. एक माणूस मागे लागला होता म्हणून घाईघाईने एक्सला कुलूप लावलं. जुन्या पोस्टही आत गेल्या, बरं वाटलं. तरी आठवड्याभराने माझंच वाक्य त्याच्याकडून फिरत आलं. नंतर यादी तपासली तर तो आधीपासून फॉलोअर होता! कुलूप नव्या माणसांना विनंती करायला लावतं, जुने आतच राहतात. दोनशेच्या वर नावं एकेक करून पाहिली, अनोळखी काढून टाकली. रात्रीचे दोन वाजले.

मंदा_ताई
बाई गं. एकटीने केलंस हे? काळजी घे.

सुमेध
अवनी, बरोबर केलंत. आणि आतला माणूस शोधही घेऊ शकतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही. एक्सच्या शोधात त्याने

```
from:avni_x नोकरी
```

असं टाकलं (avni_x च्या जागी तुमचं नाव) की तुमच्या जुन्या पोस्टमधला तो शब्द त्याला सापडतो. बाहेरच्याला तिथे काहीच मिळत नाही. इन्स्टावर प्रायव्हेट असलात तरी नाव, प्रोफाइल फोटो आणि बायो शोधणाऱ्या प्रत्येकाला दिसतात, फोटो तेवढे दिसत नाहीत.

अवनी
बायोत माझ्या कॉलेजचं नाव आहे. आत्ताच काढते.

कौस्तुभ
कुलूप लावल्यावरही माझी एक जुनी पोस्ट गुगलवर दिसत होती. उघडायला गेलं की बंद, पण पहिल्या दोन ओळी तशाच. हे किती दिवसांनी जातं?

निशाचर
माझी लवकर गेली होती, मित्राची बरेच दिवस राहिली. नक्की सांगता येत नाही.

रेवती_क
मी तर आता तक्रारीपुरतं कुलूप काढून परत लावायचं ठरवत होते.

सुमेध
थांबा! काढलंत की कुलूप असताना लिहिलेलं सगळंच्या सगळं उघडं होतं, फक्त नवी पोस्ट नाही. तक्रारीसाठी दुसरं उघडं खातं काढा.

रेवती_क
बापरे. तीन वर्षांचं आहे आत. कुकर झाला, आलेच. रात्री from: लावून वाचत बसते.