अनुभव धागा: नव्या सहकाऱ्यांचं स्वागत आणि गटाचा टप्पा, दोन्ही एकाच छोट्या टिपणात

पहिलं पान

ऑफिसच्या अंतर्गत न्यूजलेटरचं पहिलं पान माझ्याकडे असतं. या महिन्यात ग्राहक-मदत गटात तिघं नव्याने रुजू झाली आहेत आणि त्याच गटाने दहा हजार तक्रारींचा टप्पा गाठलाय. दोन्ही मिळून जागा १२० ते १५० शब्दांची. माझा कच्चा मसुदा असा:

«ग्राहक-मदत गटाच्या कुटुंबात तीन नवे तारे सामील झाले आहेत! आम्ही नुकताच १०,००० तक्रारींचा टप्पा पार केला असून हे सर्वांच्या अथक परिश्रमाचे फळ आहे. नव्या सहकाऱ्यांचे हार्दिक स्वागत आणि सर्वांचे मनःपूर्वक अभिनंदन!»

चूक काहीच नाही, तरी कोरडं वाटतं. जे असं टिपण नेहमी लिहितात त्यांनी आपापली पद्धत इथे लिहावी. आधी स्वागत घेता की आधी टप्पा? नावांपुढे काय लिहिता? आकडा कुणाकडून तपासून घेता? आणि नेमकं कुठे बिनसतं?

निळी शाई

मसुद्यातला सगळ्यात अवघड शब्द ‘आम्ही’ आहे. नवे तिघं हे वाचणार. टप्पा ‘आम्ही’ पार केला म्हटल्यावर ते त्या वाक्याच्या बाहेर उभे राहतात, आणि लगेच पुढच्या वाक्यात त्यांचं स्वागत होतं. दार लावून घ्यायचं आणि मग ‘या, या’ म्हणायचं, तसं होतं ते.

मी झालेलं काम तृतीय पुरुषात लिहिते: ‘ग्राहक-मदत गटाने दहा हजारावी तक्रार निकाली काढली.’ यात गट मोठा दिसतो आणि कुणी बाहेर पडत नाही. पुढच्या कामाबद्दल लिहिताना मात्र ‘आपण’. जुने-नवे एकत्र येतात ते तिथे, म्हणून टप्पा आधी आणि स्वागत नंतर, हा क्रम आपोआप ठरतो. स्वागत आधी घेतलं तर टप्प्याच्या वाक्यात नव्यांना पुन्हा बाजूला सारावं लागतं.

कागद-पेन्सिल

एवढा विचार कशाला? सरसकट ‘आपण’ लिहावं. ‘आपण दहा हजारांचा टप्पा गाठला.’ आमच्याकडे नेहमी हेच असतं. जवळीक वाटते, कुणी दुखावत नाही.

निळी शाई

@कागद-पेन्सिल, जवळीक वाटते हे खरं, आणि सगळ्या ऑफिसच्या वर्धापनदिनाला ‘आपण’च हवं. इथे टप्पा एका गटाचा आहे. न्यूजलेटर हिशोब विभागही वाचतो आणि कालपरवा आलेला माणूसही. ‘आपण गाठला’ म्हटलं की ज्यांनी रात्रपाळ्या केल्या त्यांचं श्रेय सगळ्यांत वाटलं जातं. शिवाय मराठीत ‘आपण’ हे ‘तुम्ही’चं आदरार्थी रूपही आहे. ‘आपण टप्पा गाठलात’ आणि ‘आपण टप्पा गाठला’ यांत एका ‘त’चा फरक. घाईत वाचणाऱ्याला नेमकं कोण ते कळत नाही.

ताळेबंद

भाषेआधी आकडा. दहा हजार कशाचे ते गटप्रमुखाला लेखी विचारा. तक्रार-प्रणालीच्या पडद्यावर ‘बंद’ दिसतात त्या सगळ्या ‘निकाली’ नसतात. एकाच ग्राहकाने एकच तक्रार दोनदा नोंदवली की एक दुसरीत मिळवून बंद करतात. ग्राहकाने ठरावीक दिवसांत उत्तर दिलं नाही की प्रणाली स्वतःच बंद करते. काही बंद होऊन पुन्हा उघडतात आणि दुसऱ्यांदा मोजल्या जातात.

उदाहरणासाठी आकडे घेऊ. पडद्यावर १०,२१२ बंद दिसतायत. त्यातल्या ३१८ दुबार म्हणून मिळवलेल्या आणि ९४ पुन्हा उघडून दुसऱ्यांदा मोजलेल्या निघाल्या, तर खऱ्या उरल्या ९,८००. म्हणजे टप्पा अजून आलेलाच नाही. रोज ४० मिटत असतील तर आणखी पाच कामाचे दिवस लागतील. न्यूजलेटर त्याआधी निघत असेल तर टिपण पुढच्या अंकात टाका, किंवा ‘दहा हजारांच्या उंबरठ्यावर’ लिहा. एकदा छापून गेलेला फुगीर आकडा पुढे वार्षिक अहवालात जातो आणि तिथे कुणीतरी तो पडताळतोच.

आपोआप बंद झालेल्या मोजायच्या की नाही यावर गटागटांत मतभेद असतात. मी मोजत नाही, पण मोजणारेही चुकीचे नाहीत. अर्ध्या वाक्यात निकष सांगितला की झालं.

सायंतारा

नव्यांसाठी पहिल्या दिवसाची यादी फार महत्त्वाची. लॅपटॉप, ओळखपत्र, बसायची जागा, लॉगिन, कुणाबरोबर जेवायला जायचं ते. आमच्याकडे दोन दिवस आधी तयार ठेवतात. शिवाय स्वागताच्या बैठकीत प्रत्येकाला दोन मिनिटं बोलायला द्यावीत, मोठं भाषण नको.

पहिलं पान

@सायंतारा, हे उपयोगाचं आहे, पण मी न्यूजलेटरमधल्या टिपणाबद्दल विचारतेय. बैठक मनुष्यबळ विभाग घेतो.

गवाक्ष

सायंताराच्या यादीतलं ‘लॉगिन’ मात्र इथे लागू आहे. टिपण निघण्याआधी त्या व्यक्तीची मेलपेटी चालू झाली आहे ना, ते बघा. स्वागत वाचून दहा जण तिला मेल पाठवतात आणि सगळे परत येतात. त्याहून वाईट म्हणजे जिचं स्वागत केलं तिलाच न्यूजलेटर जात नाही, कारण वाटपयादीत तिचं नाव पुढच्या महिन्यात येणार असतं. रुजू व्हायची तारीख पुढची असेल तर थांबावं. लोक शेवटच्या क्षणी येत नाहीत, असंही होतं.

वेलांटी

नावांचा मुद्दा माझा. नव्या माणसाला टिपणाच्या चार कामाच्या दिवस आधी तीनच प्रश्न पाठवते: तुमचं नाव देवनागरीत तुम्ही स्वतः कसं लिहिता? लोकांनी तुमच्याकडे कोणत्या कामासाठी यावं? आणखी एखादी गोष्ट छापलेली चालेल का, चालत असेल तर कोणती?

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मनुष्यबळ विभागाच्या यादीत नाव रोमन लिपीत असतं. त्यावरून ‘ट’ की ‘त’, ‘ण’ की ‘न’, ऱ्हस्व की दीर्घ हे ठरवता येत नाही. रोमनमध्ये आद्याक्षरं आधी येतात, त्यातलं स्वतःचं कुठलं आणि वडिलांचं कुठलं तेही कळत नाही. अंदाजाने लिहिलं की पहिल्याच ओळखीत माणसाचं नाव चुकतं आणि पुढे वर्षभर सगळे तेच लिहितात.

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं नाही तर काही छापायचं नाही. आधीची नोकरी, घरची माहिती, वाढदिवस हे समाजमाध्यमांवरून उचलायचं नाही. आणि तिघांपैकी दोघांनी छंद सांगितले, तिसऱ्याने नाही, तर दोघांचेही गाळते. नाहीतर तिसरा उगाच तुसडा दिसतो.

लिंगाची अडचण असेल तर ‘रुजू झाले/झाल्या’ टाळून ‘यांचं स्वागत’ किंवा ‘यांच्याकडे अमुक काम आहे’ अशी रचना करावी. क्रियापद व्यक्तीवर अवलंबून राहत नाही आणि आदरही राहतो. ‘यांच्याकडे’ची रचना मला एरवीही आवडते, कारण लगेच काम सांगावं लागतं.

कागद-पेन्सिल

छंद गाळायचे हे नाही पटलं. लोक तेच वाचतात. गिर्यारोहण म्हटलं की चार जण बोलायला जातात. कामाचं कोण वाचतं?

वेलांटी

बोलायला जातात, हे मान्य. म्हणून विचारते तर खरीच. पण तिघांना सारखी मापं हवीत. एकाला १५ शब्द आणि दुसऱ्याला ५० असं झालं की वाचणारा लगेच ताडतो.

ओसरी

माझं मत वेगळं आहे. दोन टिपणं करा. आमच्या विभागात एकत्र छापलं तेव्हा ज्या दोघी बदलून दुसऱ्या विभागात गेल्या होत्या त्यांचा उल्लेखच राहिला. टप्प्यातलं मोठं काम त्यांचं होतं. नव्यांची नावं छापली, जाणाऱ्यांची नाही. त्या दोघींना ते लागलं आणि त्यांचं बरोबर होतं.

निळी शाई

हे होतं खरं, आणि त्यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. नावं घ्यायला लागलं की कुठे थांबायचं कळत नाही. १५० शब्दांत बारा नावं घातली तर हजेरीपट होतो. मी टप्प्याच्या भागात माणसांऐवजी काम लिहिते: ‘रात्रपाळीने तयार केलेली नमुना-उत्तरं’, ‘आता दुसऱ्या विभागात असलेल्या सहकाऱ्यांनी लावलेली वर्गवारी’. ज्यांचं आहे त्यांना कळतं. पण नाव ते नावच, हेही कबूल.

गवाक्ष

मांडणीबद्दल थोडं. मजकूर वर्डमधून थेट मेलमध्ये चिकटवू नका, मागे दडलेली मांडणीची आज्ञावली फार जड होते. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा मेल कापतं आणि खाली ‘पूर्ण संदेश पाहा’ अशी दुवा-ओळ देतं. स्वागत शेवटी असेल तर नेमकं तेच कापलं जातं. नावं फोटोवर लिहून टाकू नका. आउटलुकमध्ये बाहेरून येणारी चित्रं बऱ्याचदा आधी अडवलेली असतात, मग तिथे रिकामा चौकोन दिसतो.

पहिलं पान

सगळ्यांचे आभार. आकडा तपासून घेतला, दुबार आणि पुन्हा उघडलेल्या वगळून टप्पा मंगळवारी पूर्ण झाला. सुधारित मसुदा:

«दहा हजारावी तक्रार मिटली, आणि गटात तीन नवे सहकारी

मंगळवारी दुपारी ग्राहक-मदत गटाने १०,०००वी तक्रार निकाली काढली (दुबार नोंदी वगळून). पावती न मिळाल्याची साधी तक्रार होती, वीस मिनिटांत मिटली. सुरुवातीला अशाच तक्रारीला दोन दिवस लागत, कारण पावत्या दुसऱ्या विभागाकडून मागवाव्या लागत. रात्रपाळीने नमुना-उत्तरं तयार केली आणि आता दुसऱ्या विभागात असलेल्या दोन सहकाऱ्यांनी तक्रारींची वर्गवारी लावली, तेव्हापासून हा वेळ कमी होत गेला.

याच गटात या महिन्यापासून तिघांचं स्वागत. (नाव) यांच्याकडे रिफंडच्या तक्रारी आहेत. (नाव) रात्रपाळी सांभाळतील, रात्री दहानंतर अडलं तर त्यांना विचारा. (नाव) यांच्याकडे नमुना-उत्तरांची नवी आवृत्ती आहे, जुन्यात काही खटकत असेल तर त्यांना कळवा.

पुढच्या तक्रारी आपण सगळे मिळून मिटवू.»

वेलांटी

छान उतरलंय. पावतीची तक्रार वाचताना डोळ्यांसमोर येते. फक्त त्या ग्राहकाची ओळख कुठे पटणार नाही ना, ते एकदा बघ. दुसऱ्या नावानंतर ‘सांभाळतील’ आलंय, तिथेही ‘यांच्याकडे रात्रपाळी आहे’ केलं तर तिघांची रचना सारखी होईल.

ओसरी

‘दोन सहकाऱ्यांनी’च्या जागी त्या दोघींना विचारून नावं घाला. चार शब्द वाढतील.

पहिलं पान

दोघींना आजच मेल करते. त्या ‘चालेल’ म्हणाल्या तर नावं जातील. अंक शुक्रवारी सकाळी निघतो, तोवर तिघांची वाटपयादीतली नोंदही तपासून ठेवते.