लॅप्स झालेली टर्म पॉलिसी परत चालू करायचं पत्र (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

मेधा बी-३०४: नमस्कार सगळ्यांना, एक मदत हवी होती. ह्यांची ७५ लाखांची टर्म पॉलिसी आहे २०१९ ची, वर्षाला १६,८५० हप्ता, ती लॅप्स झालीये हे मला काल कळलं. ड्यू डेट १२ जुलै होती, हे दरवर्षी ग्रेसमध्ये भरायचे शेवटच्या आठवड्यात, यावेळी ४ ऑगस्टला डेंग्यूनं ॲडमिट झाले आणि १७ ला घरी आले ते तुम्हाला माहितीच आहे. ह्यांचा फोन तेव्हा माझ्या पर्समध्ये स्विच ऑफ पडून होता त्यामुळे एकही मेसेज कोणी बघितला नाही. आता एजंट म्हणतो एक विनंतीपत्र लिहा, फॉर्म मी भरतो, सही तेवढी करून द्या. पत्र मी लिहिलंय, बरोबर आहे का बघाल का कोणी?

मेधा बी-३०४: "मा. शाखाधिकारी, माझे पती गंभीर आजारी असल्याने व तेरा दिवस अतिदक्षता विभागात व वॉर्डमध्ये दाखल असल्याने हप्ता भरणे राहून गेले. आमच्यावर कोसळलेल्या संकटाचा सहानुभूतीपूर्वक विचार करून पॉलिसी पूर्ववत चालू करावी ही नम्र विनंती."

राहुल सी-५०१: मेधाताई, कशाला या भानगडीत पडताय, नवीन ऑनलाइन घेऊन टाका ना, दहा मिनिटांत होते

विद्याधर ए-१०२: मेधा, अजून काहीही सही करून देऊ नकोस. जेवण आटोपून सविस्तर लिहितो.

स्मिता काकू ए-२०३: काका ३१ वर्षं विमा कंपनीत हेच बघत होते, त्यांचं ऐक गं.

विद्याधर ए-१०२: राहुल, नवीन घ्यायची तर आजच्या वयाचा हप्ता लागेल, ३६ व्या वर्षी घेतलेली पॉलिसी ४२ व्या वर्षी त्या भावात मिळत नाही. शिवाय नुकताच आयसीयूतून आलेला माणूस, नवीन प्रपोजल बऱ्याचदा काही महिने थांबवतात. जुनी परत चालू केली की हप्ता जुन्याच वयाचा राहतो. रिव्हायव्हलला पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांची मुदत असते, त्यामुळे संधी गेलेली नाही. पण तोपर्यंत कव्हर शून्य आहे हे लक्षात ठेव मेधा. टर्ममध्ये बचत काहीच नसते, म्हणून लॅप्स झाली की मागे काहीही उरत नाही.

मेधा बी-३०४: काका म्हणजे नक्की कधीपासून शून्य?

विद्याधर ए-१०२: वार्षिक हप्त्याला ३० दिवस ग्रेस. १२ जुलैपासून धरलं तर ११ ऑगस्ट. तोपर्यंत काही बरंवाईट झालं असतं तर कंपनीनं हप्ता कापून बाकी पैसे दिले असते. १२ ऑगस्टपासून नाही.

मेधा बी-३०४: काका, ह्यांच्या प्लेटलेट्स १४ हजारावर आल्या ती १३ तारखेची रात्र होती. मी बाहेरच्या बाकावर बसून होते आणि मनात एवढाच आधार होता की निदान विमा आहे. मला आत्ता हात कापायला लागलेत लिहिताना.

स्मिता काकू ए-२०३: बाळा, तो घरी आहे, गणपतीला आरती म्हटली त्यानं. आता पुढचं नीट करू.

विद्याधर ए-१०२: आता पत्राचं. तुझं पत्र मनापासून लिहिलंय पण कंपनीत ते कोण वाचतं ते समजून घे. उशीर का झाला यावर पॉलिसी चालू करायची की नाही हे ठरतच नाही. कारण कितीही खरं असलं तरी त्यानं फार तर लेट फी माफ करा म्हणता येतं, आणि तीही त्यांच्या मर्जीवर. अंडररायटर एकच गोष्ट बघतो, आज या माणसाची तब्येत पॉलिसी देण्यासारखी आहे का. म्हणून तू "गंभीर आजारी, अतिदक्षता" लिहिलंस की त्याच्यासाठी ती आजाराची माहिती झाली, आणि ती अर्धवट आहे. कुठला आजार, किती दिवस, आता कसे आहेत, काहीच नाही. मग तो घाबरून जास्तीच्या टेस्ट मागणार किंवा थांबवून ठेवणार.

विद्याधर ए-१०२: दुसरं, पत्राबरोबर जो फॉर्म आहे तो खरा महत्त्वाचा. तब्येतीचं डिक्लेरेशन, काही ठिकाणी डीजीएच म्हणतात. त्यात प्रश्न असतात, मागच्या वेळेनंतर हॉस्पिटलमध्ये दाखल होतात का, कुठलं औषध चालू आहे का, कुठली तपासणी नॉर्मलच्या बाहेर आली का. एजंटनं त्यात काय भरलंय ते आधी बघ.

मेधा बी-३०४: काका आत्ताच फोटो मागवला. सगळीकडे "नाही" आहे. तो म्हणतो डेंग्यू म्हणजे तापच, तो कोणी लिहीत नाही, "हो" केलं की फाइल अडकते.

विद्याधर ए-१०२: म्हणजे पत्रात तू म्हणतेस तेरा दिवस दाखल होते, आणि त्याच लखोट्यात फॉर्म म्हणतो कधी दाखल झालोच नाही. आत्ता एखादवेळेस कोणी बघणार नाही, पॉलिसी चालूही होईल. पण क्लेमच्या वेळी दोन्ही कागद एकाच फायलीत निघतील.

स्मिता काकू ए-२०३: मेधा हे आमच्या घरात झालंय म्हणून सांगते. माझ्या नणंदेच्या मिस्टरांची पॉलिसी अशीच बंद पडून चालू केली होती, फॉर्ममध्ये बीपीची गोळी लिहिली नव्हती, भरणाऱ्यानं सांगितलं गरज नाही. दीड वर्षात ते गेले आणि कंपनीनं मेडिकलच्या दुकानाच्या पावत्यांपर्यंत सगळं काढलं. क्लेम नाकारला. पॉलिसी नऊ वर्षं जुनी होती गं, नणंद म्हणत राहिली तीन वर्षांनंतर कोणी विचारत नाही ना, मग आम्हाला का विचारतात.

विद्याधर ए-१०२: स्मितावहिनींनी अगदी नेमकं सांगितलं. विमा कायदा १९३८ चं कलम ४५, २०१५ च्या दुरुस्तीनंतर असं आहे की तीन वर्षं झाल्यावर कंपनीला पॉलिसीवर शंका घेता येत नाही. पण ती तीन वर्षं पॉलिसी दिल्यापासून किंवा रिव्हायव्हलपासून, जे नंतरचं असेल तिथून. म्हणजे तुमची २०१९ ची पॉलिसी या कचाट्यातून केव्हाच बाहेर पडली होती, लॅप्स झाल्यामुळे घड्याळ परत शून्यावर येणार. त्यामुळे आज भरलेला हा एक फॉर्म २०१९ च्या अर्जाइतकाच जड आहे.

डॉ. अनघा बी-१०१: मेधा, डिस्चार्ज समरी मला पर्सनलवर पाठव ना. ह्यांची शुगर पण निघाली होती ना तिथे?

मेधा बी-३०४: हो अनघाताई, शेवटच्या पानावर आहे. पहिल्यांदाच कळली. एचबीए१सी ७.२. सकाळ-संध्याकाळ गोळी चालू आहे. खरं सांगू का, हेच मला लिहायची भीती वाटत होती.

डॉ. अनघा बी-१०१: पाहिली. डेंग्यू पूर्ण बरा झालाय, तो अडचण नाही, पण नुसतं समरीवर सोडू नको, आताचा सीबीसी काढून जोड म्हणजे प्लेटलेट्स नॉर्मल दिसतील. छातीत थोडं पाणी झालं होतं असं लिहिलंय, त्यासाठी एक एक्स-रे. शुगरचं म्हणशील तर आजारपणात ती वर जाते, पण एचबीए१सी मागच्या अडीच-तीन महिन्यांचं सांगतं, म्हणजे ती आधीपासूनच होती. तीन महिने झाले की रिपीट कर, गोळीनं खाली आली असेल तर तो रिपोर्ट तुमच्याच फायद्याचा.

विद्याधर ए-१०२: बरोबर. गोळीवर आटोक्यात असलेली शुगर म्हणजे दार बंद नाही, बहुतेक जास्तीचा हप्ता लावतील. लपवलेली शुगर मात्र तीन वर्षं टांगती तलवार. आता पत्र असं कर. सही त्याचीच हवी, तुझी नाही, विमा त्याच्या आयुष्याचा आहे आणि तो सही करू शकतो.

विद्याधर ए-१०२: "विषय: पॉलिसी क्र. ______ चे रिव्हायव्हल. वरील पॉलिसीचा १२ जुलैचा वार्षिक हप्ता भरता आला नाही. ४ ते १७ ऑगस्ट मी डेंग्यूसाठी रुग्णालयात दाखल होतो, त्यात ८ ते १४ आयसीयूत. याच काळात ११ ऑगस्टला ग्रेस संपली. दाखल असताना मधुमेहाचे प्रथमच निदान झाले असून गोळ्या चालू आहेत. याची पूर्ण माहिती सोबतच्या तब्येतीच्या डिक्लेरेशनमध्ये दिली आहे. डिस्चार्ज समरीची सर्व पाने, सीबीसी, एक्स-रे, शुगरचे रिपोर्ट व डॉक्टरांचे सध्याच्या उपचारांचे प्रमाणपत्र जोडले आहे. आवश्यक तपासण्या करण्यास मी तयार आहे. उशीर रुग्णालयातील मुक्कामामुळे झाल्याने विलंब शुल्क माफ करण्याचा विचार व्हावा. निर्णय लेखी कळवावा."

विद्याधर ए-१०२: "सर्व पाने" मुद्दाम लिहिलंय. लोक पहिलं पान जोडतात आणि शुगर तिसऱ्या पानावर असते. कव्हर कधी संपलं, कधी दाखल झाला, दोन्ही तारखा एका ओळीखाली एक आल्या की वाचणाऱ्याला प्रश्न उरत नाही.

राहुल सी-५०१: काका पण साइटवर तर रिव्हाइव बटण दिसतंय, पैसे भरले की झालं ना? लेट फी पण ३८० च दाखवतंय

विद्याधर ए-१०२: राहुल, इथेच माणसं फसतात. पैसे घेतले म्हणजे पॉलिसी चालू झाली असं नाही. कंपनीनं मंजुरी देईपर्यंत ते नुसते जमा पडून असतात, नाकारलं तर परत येतात. पावती बघून निवांत बसायचं नाही, रिव्हायव्हल झाल्याचं पत्र आणि त्यावरची तारीख बघायची. आणि मेधा, फॉर्म दिल्यापासून ते पत्र येईपर्यंत तब्येतीत काही बदल झाला, परत दाखल व्हावं लागलं वगैरे, तर ते पण कळवायचं. सगळं ब्रँचला देऊन आपल्या कॉपीवर शिक्का घे, तेच सगळं ईमेलनं पण पाठव. एजंटच्या हातात ओरिजिनल सोडू नकोस.

मेधा बी-३०४: आणि नाकारलंच तर?

विद्याधर ए-१०२: आधी कारण लेखी मागायचं. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, तिथे समाधान नाही झालं तर बीमा भरोसा पोर्टलवर, bimabharosa.irdai.gov.in. पण खरं सांगतो, तब्येत बघून नाही म्हणायचा हक्क कंपनीला आहे, तक्रारीनं तो जात नाही. तक्रार चालते ती कारण न देता लटकवलं किंवा पैसे अडकवले तर.

मेधा बी-३०४: काका, अनघाताई, स्मिता काकू, फॉर्म परत नवा आणला. सगळ्या "हो" समोर ह्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. गोळीचं नाव, मिलिग्रॅम, कधीपासून. दीड तास लागला. उद्या जमा करते.

(२६ दिवसांनंतर)

मेधा बी-३०४: सगळ्यांना कळवते. मध्ये त्यांनी ईसीजी आणि रक्ताच्या टेस्ट करून घेतल्या, घरी येऊन रक्त नेलं. मग कंपनीचा ईमेल आला की शुगरमुळे २५ टक्के जादा हप्ता, मान्य असेल तर संमती द्या. वर्षाला साधारण चार हजार दोनशे जास्त. ह्यांनी दुसऱ्या दिवशी संमती दिली, आज रिव्हायव्हलचं पत्र आलं. लेट फी काही माफ नाही झाली.

विद्याधर ए-१०२: छान झालं. पत्रावरची तारीख आणि ७५ लाखांचा आकडा दोन्ही बरोबर आहेत ना बघ. ते पत्र, भरलेल्या फॉर्मची कॉपी आणि समरी एकत्र ठेव.

मेधा बी-३०४: बघितलं काका, बरोबर आहे. तिन्ही एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटात ठेवलंय, ह्यांच्या बहिणीला पण दाखवलं कुठे आहे ते. बँकेत ऑटो डेबिटचा मॅंडेट दिला, आणि पॉलिसीवर दुसरा नंबर म्हणून माझा मोबाइल टाकून घेतला.