एक डबा, दोन रूममेट: क्रिएटिन नक्की किती घ्यायचं?

खोली नंबर १४
रूममेटने आणि मी निम्मे-निम्मे पैसे काढून 800 रुपयांचा, 250 ग्रॅमचा क्रिएटिन मोनोहायड्रेटचा डबा घेतला. लेबलवर एक स्कूप 3 ग्रॅम लिहिलंय, म्हणजे दोघांना 41 दिवस पुरायला हवा होता. 22व्या दिवशी तळ दिसला. मी 58 किलो, शाकाहारी, रोज एक सपाट स्कूप. तो 84 किलो, चिकन-अंडी खाणारा. त्याने पहिले पाच दिवस रोज चार स्कूप घेतले, मग रोज एक, आणि सगळे शिगोशीग. तो म्हणतो लोडिंग केलं नाहीस, तुझं क्रिएटिन फुकट गेलं. मी म्हणतो त्याने माझा वाटा खाल्ला. कोण बरोबर?

तोळामासा
आधी स्कूप मोजा, भांडण नंतर. लेबलवरचे 3 ग्रॅम सपाट स्कूपचे असतात. शीग भरली की तोच स्कूप 5 ग्रॅमपर्यंत सहज जातो. स्वयंपाकघरातला काटा 1 ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवतो, त्यावर एकच स्कूप ठेवून काही कळणार नाही. वाटी ठेवून काटा शून्यावर आणा, सुरीच्या पात्याने सपाट केलेले दहा स्कूप टाका आणि आलेल्या वजनाला दहाने भागा. मग शीग भरलेले दहा, तसेच. डबा संपलाय म्हणता, तर पुढच्या डब्याच्या पहिल्याच दिवशी हे करा.

तोवर शीग म्हणजे 5 धरून बघा. त्याचे पहिले पाच दिवस 20 ग्रॅमचे, झाले 100. पुढचे 17 दिवस 5 प्रमाणे 85. एकूण 185. तुमचे 22 दिवसांचे 66. बेरीज 251. डब्याचा हिशोब ग्रॅमाला जुळतो, म्हणजे कोणी चोरून खाल्लेलं नाही.

दंडबैठक
पण रूममेटचं बरोबरच आहे. लोडिंग केल्याशिवाय स्नायूंतला क्रिएटिनचा साठा भरत नाही. रोज 20 ग्रॅम, पाच ते सात दिवस, मग 5. जगभर हीच पद्धत आहे. 3 ग्रॅममध्ये शरीराची रोजची झीज भरून निघते, साठा वाढत नाही.

तोळामासा
पहिलं अर्धं बरोबर. 20 ग्रॅमने पाच-सहा दिवसांत साठा भरतो, हे खरं. पण 3 ग्रॅमनेही तो भरतोच, फक्त साधारण चार आठवडे लागतात. 1996 मध्ये हल्टमन आणि सहकाऱ्यांनी दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी तपासल्या होत्या. 28 दिवस रोज 3 ग्रॅम घेणाऱ्यांचा साठा लोडिंगवाल्यांच्या बरोबरीला आला. माठ तोच, नळ बारीक.

झिजेचंही बघा. रोज साधारण 2 ग्रॅम क्रिएटिनचं क्रिएटिनिन होऊन लघवीवाटे जातं, पण त्यातलं जवळपास निम्मं शरीर स्वतः तयार करतं. त्यामुळे बाहेरून आलेले 3 ग्रॅम नुसती झीज भरण्यात संपत नाहीत. आणि मूळ प्रश्नकर्ता शाकाहारी आहे. दूध सोडलं तर ताटातून क्रिएटिन जवळपास येतच नाही, म्हणून साठा मुळात कमी असतो आणि वाढायला वाव जास्त. 22व्या दिवशी "फुकट गेलं" म्हणणं घाईचं आहे, कारण त्याचा साठा अजून भरतोय.

निळा जर्सी
58 किलोच्या मुलाला 3 ग्रॅमने काय होणार? आमच्या जिममध्ये एक स्कूप 30 ग्रॅमचा असतो आणि दिवसातून दोनदा घ्यायला सांगतात. डबाच छोटा घेतलाय तुम्ही.

तोळामासा
तो व्हे प्रोटीनचा स्कूप, आकाराने दहापट. तो स्कूप कृपया क्रिएटिनच्या डब्यात घालू नका. एकदम 10 ग्रॅम घेतलं तरी बऱ्याच जणांना पोट बिघडून पळापळ होते.

खोली नंबर १४ चा दुसरा
मीच तो रूममेट. पहिल्या आठवड्यात माझं वजन दीड किलो वाढलं आणि बेंचवर दोन रेप जास्त निघाले. याचं काहीच वाढलं नाही. हा पुरावा नाही का? शिवाय मी 84 किलोचा आहे, मला जास्त लागणारच.

तोळामासा
साठा लवकर भरला याचा पुरावा आहे. दीड किलो मात्र मांस नव्हे. क्रिएटिन स्नायूच्या पेशीत जाताना पाणी सोबत ओढून नेतं, ते वजन. पाच दिवसांत दीड किलो स्नायू कोणाच्या अंगावर चढत नाही. दोन रेप खरे असतील, ते नाकारत नाही.

वजनाचा मुद्दा: साठा भरल्यावर तो टिकवायला किलोमागे साधारण 0.03 ग्रॅम पुरतं. 84 किलोला अडीच ग्रॅम, 58 किलोला पावणेदोन. म्हणजे सपाट स्कूपमध्ये तुम्ही दोघंही बसता.

दंडबैठक
हे काही मला पटलं नाही. अंगाने मोठ्या खेळाडूंना 5 ते 10 ग्रॅम सांगणारे तज्ज्ञही आहेत. 84 किलोचा, रोज जड व्यायाम करणारा मुलगा अडीचवर आणून ठेवायचा?

तोळामासा
5 घेतलं तर चूक म्हणणार नाही, तिथे मतभेद खरेच आहेत. जास्तीचं लघवीतून निघून जाईल, एवढंच. पण ते 5 ठरवून मोजलेले असावेत, शीग निघाली म्हणून नव्हे. आणि सामाईक डब्यातले असतील तर आधी बोलून.

ओवाळणी
कोणी ग्लासाकडे बघितलंय का? गार पाण्यात हे फार कमी विरघळतं. खोलीच्या तापमानाला लिटरभर पाण्यात जेमतेम 14 ग्रॅम. 200 मिलीच्या ग्लासात शीगभर 5 ग्रॅम टाकले तर जवळपास निम्मं तळाशी वाळूसारखं बसतं, आणि तो गाळ बेसिनमध्ये जातो. म्हणजे दुसरा गडी 5 ओतत होता, पोटात किती जात होतं देव जाणे. कोमट पाणी घ्या किंवा तळात परत घोटभर पाणी फिरवून प्या. गाळ प्यायला तरी चालतो, पोटात विरघळतो. रात्री भिजवून बाटली दोन-तीन दिवस ठेवू मात्र नका, पाण्यात राहून हळूहळू त्याचं क्रिएटिनिन होतं.

दोघांत एक डबा म्हणजे ओला स्कूप आलाच. पावसाळ्यात त्याने गुठळ्या होतात. पावडर त्याने लगेच वाया जात नाही, पण गुठळ्यांमध्ये पोकळी राहते आणि सपाट स्कूपचं माप कमी भरतं. चमच्याने फोडून मगच मोजा.

सदाशिव काका
किडनीचं कोणी बोलत नाही. भाच्याचं क्रिएटिनिन 1.4 आलं, घरी रडारड.

तोळामासा
क्रिएटिन घेणाऱ्याच्या रक्तात क्रिएटिनिन थोडं वर दिसतं, कारण ते त्याचंच रूपांतर आहे. त्यावरून काढलेला किडनीच्या कार्यक्षमतेचा आकडाही मग उगाच खाली दिसतो. पण घरबसल्या "ते पावडरमुळेच" असं ठरवू नका. डॉक्टरांना पावडरचं स्पष्ट सांगा आणि रक्तातलं सिस्टॅटिन सी तपासून किडनीचं काम बघता येईल का विचारा, त्यावर क्रिएटिनचा असा परिणाम होत नाही. आधीपासून किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नये.

खोली नंबर १४
म्हणजे माझं फुकट गेलं नाही, हे कळलं. पैशांचं काय?

ओवाळणी
ग्रॅमवर वाटा. 66 ग्रॅमचे साधारण 210 रुपये तुमचे, उरलेले 590 त्याचे. तुम्ही 400 दिलेत, तर 190 परत.

खोली नंबर १४ चा दुसरा
190 देणार नाही. लोडिंग करतोय हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तेव्हा हा गप्प बसला. पुढचा डबा वेगवेगळा घेऊ.

खोली नंबर १४
सांगितलं होतं, हे खरं. पण चार स्कूप म्हणजे 20 ग्रॅम, हे नव्हतं सांगितलं. मेसवाल्या काकूंकडून काटा आणलाय. तुझ्या नव्या डब्यातले दहा शिगोशीग स्कूप त्यावर टाक, आकडा इथेच लिही.