मदत हवी आहे: विमानातल्या पडद्याला वायरलेस इअरफोन जोडायची डबी चालतच नाही

होटगीरोडकर: परवा रात्री आईला घेऊन सिद्धेश्वरने मुंबई, तिथून पुढे विमान. तिला वायरचे हेडफोन कानात टोचतात, म्हणून नवी पेठेतून ती ट्रान्समीटरची डबी आणली. दोन तास झटतोय, आवाजच नाही. दुकानदार म्हणतो बदलून मिळणार नाही. लवकर सांगा.

बाळीवेस_७: कुठली डबी? कुठले इअरफोन? कुठली विमान कंपनी? लोकांनी काय स्वप्नात बघायचं का ओ?

सुनंदामावशी: टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा, साउंड उघडा, ब्लूटूथ ऑन करा. आमच्याकडे लगेच झालं.

होटगीरोडकर: मावशी, घरचा टीव्ही नाही हो, विमानातला. आईचे एअरपॉड आहेत, आणि एमिरेट्सने दुबईमार्गे बोस्टन. डबी खराब नसावी, कारण फोनच्या ब्लूटूथ यादीत तिचं नाव छान दिसतंय.

रेडिओदुरुस्ती: घोळ तिथंच आहे. यादीत नाव दिसतंय म्हणजे डबी आरएक्सवर आहे, म्हणजे ती आवाज घ्यायला बसलीय. जुन्या स्पीकरला फोन जोडायचा तर तसं ठेवतात. तुम्हाला आवाज पाठवायचाय. कडेला बारीक बटण असेल, नखाने टीएक्सकडे सरकवा. मग ती फोनला दिसणारच नाही, ती स्वतः जवळचा इअरफोन शोधते. डबीला पडदा नसल्यामुळे यादीतून निवडणं वगैरे काही नाही.

दुसरं, फोनचं ब्लूटूथ बंद करा. नाहीतर एअरपॉड ओळखीच्या फोनलाच जाऊन चिकटतात. मग एअरपॉडची पेटी उघडी ठेवून मागचं बटण पांढरा दिवा लुकलुकेपर्यंत दाबा, डबीचं बटणही दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरा, आणि दोन्ही वीतभर अंतरावर ठेवून अर्धा मिनिट थांबा. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात डबी लावून घरीच करून बघा, पण लॅपटॉपचंही ब्लूटूथ बंद असू द्या.

बाळीवेस_७: कशाला एवढा खटाटोप? विमानात ब्लूटूथ चालवायलाच बंदी आहे. फ्लाइट मोड म्हणजे सगळं बंद.

रेडिओदुरुस्ती: अर्धं बरोबर. फ्लाइट मोडने मोबाइलचं नेटवर्क बंद होतं. ब्लूटूथ नंतर वेगळं चालू करता येतं आणि बहुतेक कंपन्या करू देतात. शेवटचा शब्द क्रूचा. सुरक्षेची माहिती देताना कान मोकळे ठेवा, आणि उड्डाण किंवा उतरताना काढा म्हणाले तर वाद न घालता काढा.

होटगीरोडकर: झालं ओ!! बटण आरएक्सवरच होतं. पण आवाज बारीक येतोय, आणि बोलणाऱ्याचे ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात.

कोडनिपुण: स्वस्तातली डबी घेतली की असंच होणार. अॅपटीएक्स लो लेटन्सीवाली घ्या, ओठ आणि आवाज एकत्र येतील.

रेडिओदुरुस्ती: पैसे वाया घालवू नका. ते दोन्ही टोकांना लागतं आणि एअरपॉडमध्ये अॅपटीएक्स नाहीच. थोडा उशीर राहणारच. आवाजाचं म्हणाल तर आधी पडद्यावरचा आवाज पाऊण करा, मग इअरफोनचा वाढवा. आणि एकाच कानात आला तर सीटवर दोन भोकं आहेत का बघा. तसं असेल तर दोन पिनांचा जोड लागतो. तो चहाच्या किमतीत नाही, पण फार महागही नाही.

सोलापूरचीसून: मी दोनदा गेलेय. चौदा तासांत एअरपॉड नक्की बंद पडतात. एक कानात, एक पेटीत, असं आलटून पालटून चालवा. आणि डबीला पॉवरबँक लावायची असेल तर थांबा, एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवरबँक वापरायला बंदी केलीय. १०० वॉट-अवरच्या आतली एक सोबत नेता येते, तीही सीटच्या खिशात किंवा पायाजवळच्या बॅगेत ठेवायची, वर नाही. डबी रात्रीच चार्ज करा.

बाळीवेस_७: सीटच्या यूएसबीला लावली तर? लावून ऐकताना खरखर येते असं ऐकलंय.

रेडिओदुरुस्ती: काहींना येते, काहींना नाही. मला एकदा आली, वायर काढली की गेली.

सुनंदामावशी: शेंगाचटणी नेताय का? मोठा डबा हातातल्या बॅगेत नको. भुकटी साडेतीनशे मिलिलिटरच्या वर असली की अमेरिकेला जाताना तपासतात. चेक-इनमध्ये टाका.

होटगीरोडकर: मावशी, दोन किलो आहे. आणि कडक भाकऱ्या.

बाळीवेस_७: विषय हेडफोनचा होता बे.

सोलापूरचीसून: भाकऱ्या डब्यात भरा, नाहीतर बोस्टनला चुरा उतरेल.