स्टीमवर नाव बदललं, आता लॉगिन होत नाही

"स्टीमवर नाव बदललं आणि ईमेल पण नवीन टाकला. पीसी फॉरमॅट केल्यावर नवीन नावाने लॉगिन करतोय तर पासवर्ड चुकीचा सांगतंय. अकाउंट गेलं का? – भुसावळ"

गेलं नाही रे भो, आणि पासवर्डही बहुतेक बरोबरच असेल. तू बदललं ते प्रोफाइलचं नाव, म्हणजे मित्रांना दिसतं ते, आणि लॉगिनला लागतं ते अकाउंट नेम वेगळं, ते पहिल्या दिवशी टाकलं तेच कायम राहतं, स्टीम ते बदलूच देत नाही. गल्लीत सगळे पप्पू म्हणतात म्हणून आधारवरचं नाव बदलत नाही ना, तसंच. नाव चुकलं तरी मेसेज नाव किंवा पासवर्ड तपासा असाच येतो, म्हणून माणूस उगाच पासवर्डच्या मागे लागतो.

आता जुनं नाव आठवत नसेल तर help.steampowered.com उघड, साइन इन होत नाही वाला पर्याय घे, मग नाव किंवा पासवर्ड विसरलो वाला, आणि तिथे नवीन ईमेल टाक, जुना नको, कारण बदल पक्का झाला असेल तर आता नवीनच जोडलेला आहे. कोड येईल, पुढे अकाउंट नेम सापडतं. नवीन ईमेलवर काही सापडलंच नाही तर बदल अर्धवट राहिला असं समज आणि जुना टाकून बघ.

तोपर्यंत अंदाजाने पासवर्ड मारत बसू नको, जास्त वेळा चुकलं की काही वेळ लॉगिनच बंद करतात. गेम्स आणि मित्रांची काळजी सोड, ते नावाला नाही, आतल्या 17 आकडी आयडीला जोडलेले असतात.