१९८८ ची ऑर्डर आणि तिच्यात नसलेला ‘दत्तक’ शब्द

अनघा: मंडळी, आमच्या मुलीला आम्ही १९८८ साली भारतातून आणलं. आता ती आपली फाईल वाचतेय. कोर्टाच्या ऑर्डरमध्ये मी आणि हे नुसते ‘पालक’, म्हणजे गार्डियन आहोत, ‘दत्तक’ शब्द कुठेच नाही. ती विचारते, मग मी तुमची कोण होते?

प्रसाद: अनघाताई, काळजी नको. १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे केसमध्ये सुप्रीम कोर्टानंच दत्तकाचा कायदा केला. कागद पक्के आहेत.

नितीन: माझ्या भावाचा मुलगा सोलापूरला आहे, त्याला इकडे आणायचंय. मलाही हेच नियम का?

देशपांडे काका: प्रसाद, अर्धं बरोबर. कोर्टानं दत्तकाचा कायदा केला नाही. त्याबद्दलचं १९८० चं विधेयक संसदेत अडलं होतं. १९८२ मध्ये पांडे या वकिलांनी मुलं परदेशी दत्तक पाठवणाऱ्या संस्थांच्या गैरप्रकारांबद्दल कोर्टाला पत्र लिहिलं. परदेशी जोडप्यांकडे तेव्हा १८९० च्या पालकत्व कायद्याचीच वाट होती: इथे पालक व्हायचं, मूल न्यायचं आणि दत्तकविधी आपल्या देशात करायचा. अनघा, म्हणून तो शब्द नाही. दत्तकाची ऑर्डर तुमच्या तिकडच्या कोर्टाची असेल.

कोर्टानं त्या वाटेवर पहारा बसवला. तिकडच्या मान्यताप्राप्त संस्थेचा होम स्टडी, म्हणजे दत्तक घेणाऱ्या घराची पाहणी करून केलेला अहवाल हवा, आधी भारतीय कुटुंब शोधायला हवं, अर्जाची छाननी वेगळ्या संस्थेनं करायची. जन्मदात्यांनी मूल सोपवलं, तर फेरविचाराला सुमारे तीन महिने. अडचणी आल्या तशा पुढचे आदेशही त्याच खटल्यात निघाले. असा खटला चालू ठेवून आदेश देत राहण्याला ‘कंटिन्युइंग मॅन्डॅमस’ म्हणतात; हे नाव रुळलं ते १९९७ च्या विनीत नारायण निकालानं. तिथे कोर्टानं खटला उघडा ठेवून सीबीआयकडून तपासाचा हिशेब घेतला, आणि निकालात पांडे खटल्याचा दाखला दिला.

नितीन, तुझं प्रकरण वेगळं. नात्यातल्या दत्तकासाठी आता ‘कारा’ या केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेची वेगळी प्रक्रिया आहे, तिथेच विचार.

प्रसाद: पण कोर्टाचे नियम सगळ्यांना बंधनकारक होतेच ना?

देशपांडे काका: हो, संसदेचा कायदा येईपर्यंत. पण ते मोडले म्हणून तुरुंग नव्हता. न्यायाधीशाच्या हातात मुख्यतः अर्ज फेटाळणं होतं, आणि त्याच्यासमोर येत होते ते फक्त कागद. १९९९ पासून आंध्रात लंबाडा तांड्यांतून मुली विकत घेतल्याचं उघडकीला आलं. मूल सोपवल्याचं, आईचा अंगठा असलेलं समर्पणपत्र फाईलमध्ये नीट लावलेलं असलं, की ते कसं मिळवलं हे कोर्टाला दिसत नाही. अनघा, समर्पणपत्राची आणि कोर्टातल्या अर्जाची तारीख शेजारी ठेवून पाहा.

अनघा: काका, पाहिलं. समर्पण १२ मार्चला, अर्ज २ मेला.

देशपांडे काका: पन्नास दिवसांच्या आसपास. म्हणजे तीन महिने पुरे झाले नव्हते. एवढ्यावरून आईवर जबरदस्ती झाली असं म्हणता येणार नाही. संस्थेनं घाई केली असेल, किंवा आईनं आधी तोंडी सांगितलं असेल. छाननी संस्थेचा अहवाल आहे का फाईलमध्ये? तिथे या घाईबद्दल प्रश्न विचारलेला असायला हवा.

अनघा: अहवाल एक पानाचा आहे. त्यात तारखांचा उल्लेखच नाही. लेक म्हणतेय, जिल्हा न्यायालयातून मूळ फाईलची नक्कल मागवू या. आम्ही उद्या अर्ज लिहायला बसतोय. काका, तुम्ही मसुदा पाहाल का?